पुसट छापील तक्त्यातला आकडा कसा वाचावा

उसाचे बिल, वजनकाट्याची पावती, सोसायटीचा खातेउतारा किंवा माती परीक्षणाचा जुना अहवाल असे कागद आपल्या प्रत्येकाच्या घरी असतात. काही टाइपरायटरवर उमटवलेले असतात. काही ठिपक्यांनी अक्षर काढणाऱ्या, म्हणजे डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्रावर निघालेले असतात. हे यंत्र आजही कित्येक काट्यांवर आणि कचेऱ्यांत कर्र कर्र करीत चालू आहे, कारण एका दणक्यात कार्बनसकट दोन-तीन प्रती निघतात. पण त्याचा छाप बिघडला की अक्षरे तुटतात, आकडे अर्धे उमटतात, आणि मग घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो तीन आहे, दुसरा म्हणतो आठ आहे. आज आपण उसाच्या बिलाचे उदाहरण घेऊन असा आकडा कसा ठरवायचा ते पाहू.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ, कारण कोणत्या यंत्राने कागद छापला हे कळले की दोष कुठे शोधायचा ते कळते. टाइपरायटरमध्ये प्रत्येक अक्षराचा वेगळा खिळा असतो. आठचा खिळा झिजला किंवा त्यात मळ भरला, तर त्या कागदावरचा प्रत्येक आठ तसाच बिघडलेला येतो. बाकीचे आकडे मात्र स्वच्छ असतात. डॉट मॅट्रिक्समध्ये असा खिळाच नाही. छापणाऱ्या डोक्यात बारीक तारांच्या पिना एकाखाली एक बसवलेल्या असतात. साध्या यंत्रात त्या नऊ असतात. डोके डावीकडून उजवीकडे सरकत जाते, हव्या त्या पिना शाईच्या फितीवर आपटतात आणि ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर तयार होते. एक आकडा साधारण सात ठिपके उंच असतो. आता यातली एखादी पिन अडकली किंवा मोडली, तर त्या उंचीचा ठिपका कोणत्याच अक्षरात उमटत नाही. म्हणजे टाइपरायटरचा दोष एका अक्षरापुरता असतो, आणि पिनेचा दोष साऱ्या ओळीला एकाच उंचीवर चिकटलेला असतो.

हे बघायला भिंग लागत नाही. कागद डोळ्यांपासून हातभर दूर धरा आणि एखादी पूर्ण ओळ आडवी बघा. ओळीतल्या सगळ्या अक्षरांमधून केसाएवढी पांढरी रेघ गेलेली दिसली, तर पिन गेलेली आहे. रेघ नाही आणि अक्षरे सारखीच फिकी आहेत, तर फीत वाळलेली आहे. फीत वाळली असेल तर आकडा फिका असतो पण पुरा असतो, आणि चांगल्या उजेडात तो वाचता येतो. पिन गेली असेल तर तो ठिपका कागदावर पडलेलाच नाही. मग तिथे उजेड वाढवून किंवा चष्मा बदलून उपयोग नाही.

सगळ्यात घातकी असते ती वरून चौथी पिन, अक्षराच्या बरोबर मधली. ती का, ते ऐका. आपली बिले बहुधा इंग्रजी अंकांत छापतात. इंग्रजी आठ म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन कडी, आणि त्यांना जोडणारी मधली आडवी काडी चौथ्या पिनेने उमटते. शून्य म्हणजे एकच उभे कडे. त्यात मधली काडी नसते, फक्त दोन्ही बाजूंना एकेक ठिपका असतो. चौथी पिन गेली की आठाची काडी जाते आणि शून्याचे बाजूचे दोन ठिपकेही जातात. उरलेले सगळे ठिपके दोघांचे सारखेच असतात. म्हणजे त्या कागदावर आठ आणि शून्य यांच्यात काहीही फरक राहत नाही, बरं का! काही यंत्रांत शून्याच्या पोटात तिरकी रेघ काढलेली असते. तशी रेघ असेल तर तिचे वरचे-खालचे ठिपके शिल्लक राहतात आणि शंका मिटते. पण बहुतेक बिलांवरचे शून्य मोकळ्या पोटाचे असते.

चौथीच पिन गेली आहे हे ओळखायला कागदावरच दोन साक्षीदार असतात. पहिला साक्षीदार मथळ्यातले इंग्रजी एच हे अक्षर. त्याचे दोन खांब दिसतात, पण त्यांना जोडणारी तुळई गायब असते. दुसरा साक्षीदार म्हणजे आडवी बारीक रेघ, जी तारखेत दिवस, महिना आणि वर्ष यांच्या मध्ये काढतात. ती रेघ बहुतेक यंत्रांत फक्त चौथ्या पिनेनेच उमटते, म्हणून ती समूळ नाहीशी होते आणि तारखेतले आकडे मोकळ्या जागा सोडून उभे असलेले दिसतात. यात आणखी एक धोका आहे. वजाबाकीचे चिन्हही तीच रेघ असते. खात्यावर तुमच्या नावे टाकलेली रक्कम वजा चिन्हाने दाखवलेली असेल आणि चिन्ह उमटले नसेल, तर ती जमा असल्यासारखी दिसते. तेव्हा तारखेतल्या रेघा गायब दिसल्या, तर जमा-नावेचा रकाना दोनदा तपासा.

आता उदाहरण घेऊ. एक ऊस उत्पादक बंधू पंधरवड्याचे बिल आणि बँकेचे पासबुक घेऊन आले. बिलात घरपोच रक्कम एक लाख ब्याऐंशी हजार सातशे पंचाहत्तर दिसत होती. पासबुकात जमा होते एक लाख दोन हजार सातशे पंचाहत्तर. "साहेब, ऐंशी हजार कुठं गेले?" हा त्यांचा सरळ प्रश्न होता. तक्रार अर्जही लिहून आणला होता, खाली सही करायचीच तेवढी बाकी होती.

बिलावर एचची तुळई नव्हती आणि तारखेतल्या रेघा नव्हत्या. म्हणजे चौथी पिन गेलेली. मग त्या बिलातला एकही आठ आठ म्हणून वाचायचा नाही आणि एकही शून्य शून्य म्हणून वाचायचे नाही. पहिले काम हे केले की कोऱ्या कागदावर बिलाची नक्कल उतरवली, आणि जिथे जिथे आठ किंवा शून्य वाटत होते तिथे चौकोन काढला. मूळ कागदावर पेन लावलेच नाही. नक्कल अशी झाली. वजने टनांत आहेत. बिलात इंग्रजी अंक होते, इथे सोयीसाठी आपले अंक घेतले आहेत.

पहिली खेप: भरलेले २४.६□□, रिकामे ६.३४□, निव्वळ १□.३४□
दुसरी खेप: भरलेले २२.५□□, रिकामे ६.३□□, निव्वळ १६.२□□
तिसरी खेप: भरलेले २३.७६□, रिकामे ६.३१□, निव्वळ १७.४५□
एकूण निव्वळ: ५२.□७□
दर टनाला: ३,१५□
उसाची रक्कम: १,६४,□२□.५□
सोसायटी वसुली: ६१,२४५.□□
घरपोच रक्कम: १,□२,७७५.५□

इतके चौकोन बघून घाबरायला होते. पण हा नुसता आकड्यांचा ढीग नाही, हा हिशेब आहे. भरलेल्या वजनातून रिकामे वजा केले की निव्वळ आलेच पाहिजे, आणि तीन खेपांची बेरीज एकूण वजनाशी जुळलीच पाहिजे. यंत्राने जो आकडा खाल्ला तो हिशेबातून परत काढता येतो.

सुरुवात वजनाच्या शेवटच्या घरापासून करू, कारण तिथले चौकोन फुकटात सुटतात. गाडी तोलणारा मोठा काटा एकेक किलो दाखवीत नाही. तो ठरावीक टप्प्याने चढतो, म्हणजे ५, १० किंवा २० किलोंनी. काट्याच्या पाटीवर e = 10 kg असे काही लिहिलेले असते, तोच हा टप्पा. यातला कोणताही टप्पा घेतला तरी किलोच्या शेवटच्या घरात शून्य किंवा पाचच येणार, आठ कधीच येणार नाही. म्हणून वजनांच्या शेवटचा प्रत्येक चौकोन शून्य आहे.

आता पहिली खेप. रिकामे वजन ६.३४० पक्के झाले. भरलेले एक तर २४.६०० आहे किंवा २४.६८०. पहिले धरले तर निव्वळ १८.२६० येते, दुसरे धरले तर १८.३४०. बिलात निव्वळाच्या शेवटी ३४ अगदी स्पष्ट उमटले आहे. म्हणून भरलेले २४.६८० आणि निव्वळ १८.३४०. एक ओळ सुटली.

तिसऱ्या खेपेत शंकाच नाही. २३.७६० मधून ६.३१० गेले, १७.४५० राहिले.

दुसरी खेप मात्र हट्टी आहे. भरलेले २२.५०० आणि रिकामे ६.३०० धरले तर निव्वळ १६.२०० येते, ते बसते. भरलेले २२.५८० आणि रिकामे ६.३८० धरले तरी १६.२००च येते, तेही बसते. आणि भरलेले २२.५८०, रिकामे ६.३०० धरले तर १६.२८०, तेही बसते! ओळीतल्या ओळीत हा गुंता सुटत नाही. काही जण म्हणतील, गाडी तीच होती तर रिकामे वजन मागच्या खेपेएवढेच धरा. तसे करू नका. टाकीतले डिझेल, चाकांचा चिखल, ट्रॉलीत राहिलेले पाचट यांनी रिकाम्या गाडीचे वजन दर खेपेला थोडे इकडेतिकडे होते, आणि आपल्याला शंका आहे तीही ऐंशी किलोंचीच.

इथे एकूण वजन कामाला येते. पहिल्या आणि तिसऱ्या खेपेची बेरीज ३५.७९० टन. तीत १६.२०० मिळवले तर ५१.९९० होतात, आणि १६.२८० मिळवले तर ५२.०७० होतात. बिलात बावन्न स्पष्ट आहे आणि सातही स्पष्ट आहे. म्हणून दुसरी खेप १६.२८० टनांचीच. तिचे भरलेले २२.५८० आणि रिकामे ६.३००, कारण आता दुसरी कोणतीच जोडी जुळत नाही. एकूण ५२.०७० टन, ५२.८७० नव्हे.

आता पैसे. त्या पंधरवड्याचा जाहीर दर टनाला ३,१५० रुपये होता. ५२ टनांचे १,६३,८०० आणि वरच्या ७० किलोंचे २२०.५० रुपये, मिळून १,६४,०२०.५०. बिलातले उमटलेले आकडे, म्हणजे मधला दोन आणि पैशातला पाच, जागच्या जागी बसले. दर चुकून ३,१५८ धरला असता तर रक्कम १,६४,४३७ च्या घरात गेली असती आणि ती बिलाशी जुळली नसती. म्हणजे दराचा चौकोनही सुटला. राहिली सोसायटीची वसुली. तिच्या पैशांच्या जागी दोन चौकोन आहेत. घरपोच रकमेत पैशांचा पहिला आकडा पाच स्पष्ट आहे, आणि उसाची रक्कम पन्नास पैशांवर संपते. त्यामुळे वसुलीत पैसे शून्यच असले पाहिजेत. १,६४,०२०.५० मधून ६१,२४५ वजा जाता राहिले १,०२,७७५.५०. पासबुकात हीच रक्कम होती.

तेव्हा ऐंशी हजार कुठे गेलेच नव्हते. ते एका मोडक्या पिनेने कागदावर निर्माण केले होते. अर्ज त्यांनी खिशात परत ठेवला.

यातून एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुमचा हिशेब आणि बिल यांच्यातला फरक बरोबर ८, ८०, ८०० किंवा ८०,००० असा आला, तर आधी आठ-शून्याचा संशय घ्या. फरक ५, ५०, ५०० असा आला, तर तीन आणि आठ यांची गल्लत बघा, कारण कागदाची घडी पडून किंवा घासून आठाची डावी बाजू गेली की त्याचा तीन होतो. फरक ६, ६० असा असेल तर एक आणि सात बघा. वरची पहिली पिन गेली की साताचे डोके उडते आणि नुसती तिरकी काडी राहते. दशांश टिंबाची गोष्ट वेगळी. ते ओळीच्या अगदी तळाशी एक-दोन ठिपक्यांचे असते, आणि छापील चौकटीच्या रेघेवर पडले तर दिसतच नाही. अशा वेळी आकडे उजवीकडून मोजा. वजनात टिंबानंतर तीन घरे, पैशांत दोन, हे त्या बिलातल्या एखाद्या स्पष्ट ओळीवरून आधी पक्के करून घ्या.

हिशेबाच्या या रीतीला मर्यादा आहेत, त्याही सांगतो. आठ घालून पाहिले, शून्य घालून पाहिले, आणि दोन्ही वेळा बेरीज जुळली नाही, तर दोष वाचण्यात नसून बिलातच असू शकतो. मग मात्र गप्प बसू नका. कोणती ओळ जुळत नाही ते नकलेवर लिहून कचेरीत जा. दुसरे असे की, हिशेब जुळला म्हणजे छापलेला आकडा कोणता ते ठरले. काट्याने वजन खरे दाखवले की नाही हा निराळा प्रश्न आहे, त्याचे उत्तर या कागदात नाही. आणि तिसरे, जे आकडे बेरजेत येत नाहीत ते हिशेबाने सापडत नाहीत. पावती क्रमांक, खाते क्रमांक, गट क्रमांक, तारीख यांना तपासणारी बेरीज नसते. गट क्रमांक १८ की १० हे अंदाजाने ठरवून अर्जात भरू नका, तो सातबाऱ्यावरूनच घ्या. खाते क्रमांक पासबुकावरून घ्या.

जुन्या टाइप केलेल्या कागदांना यापेक्षा थोडी वेगळी रीत लागते. साठ-सत्तरच्या दशकातले कर्जाचे किंवा पाणीपट्टीचे तक्ते कपाटात असतात, आणि आपल्या वाट्याला बहुधा तिसरी कार्बन प्रत आलेली असते. तिच्यात अक्षरे जाड आणि फुगीर येतात, सहा, आठ आणि नऊ यांची पोटे भरून जातात. इथे अनुक्रमांकाचा रकाना हा तुमचा नमुना. तिथे एक, दोन, तीन असे ओळीने छापलेले असते, म्हणजे कोणता अंक आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. त्या यंत्राचा सहा कसा दिसतो, आठ कसा दिसतो, ते तिथे नीट बघून घ्या आणि मग शंकेचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. पुष्कळ इंग्रजी टाइपरायटरवर एक आकड्याचा खिळाच नसे. टंकलेखक त्या जागी लहान लिपीतला एल मारीत. म्हणून तसे अक्षर दिसले तर गोंधळू नका, तो एकच आहे.

टाइपरायटरचा खिळा काय किंवा प्रिंटरची पिन काय, कागदावर आपटते, त्यामुळे शाई उडाली तरी वरच्या मूळ प्रतीत दाब राहतो. संध्याकाळी खोलीत अंधार करून बॅटरी कागदाच्या कडेला जवळजवळ आडवी धरा. खळग्यांच्या सावल्या पडतात आणि पुसलेला आकडा उठून दिसतो. कागद उलटून पाठीमागूनही बघा, तिथे उंचवटे दिसतात, फक्त आकडा उलटा वाचावा लागतो. हल्ली मोबाइलमध्ये तिरक्या उजेडात फोटो काढून तो मोठा करून पाहता येतो, त्याचा चांगला उपयोग होतो. खालच्या कार्बन प्रतीत हा दाब फार कमी असतो. आणि गेलेल्या पिनेचा ठिपका पडलाच नसेल तर त्याचा खळगाही नसतो, हे ध्यानात असू द्या.

काही मंडळी पुसट कागदाला तेलाचे बोट लावतात, काही बॉलपेनने आकडा गिरवून ठेवतात. दोन्ही टाळा. तेलाने डाग पसरतो, आणि गिरवलेल्या आकड्याला पुढे कोणी पुरावा म्हणून मान देत नाही, मग तो खरा का असेना. काट्यावर किंवा बँकेच्या यंत्रातून मिळणारी गुळगुळीत छोटी पावती असते ना, तिची जात वेगळी. ती शाईने नव्हे, उष्णतेने उमटते, तिच्यावर दाब नसतो आणि उन्हात ती कोरी होऊन जाते. तिला गरम प्लॅस्टिकचे आवरण घालायला गेलात तर ती काळी पडते. अशी पावती हातात आली की त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा.

इतके करूनही एखादा चौकोन राहिलाच, तर प्रत्येक खेपेला काट्यावर चालकाला मिळालेली पावती शोधा. बिल कचेरीत छापतात आणि पावती काट्यावर, यंत्रे बहुधा निराळी असतात, त्यामुळे बिलात गेलेली पिन पावतीत शाबूत असते. पावतीही नसेल तर दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. अर्जात "बिल पुसट आहे" एवढेच लिहून भागत नाही. "अमुक तारखेच्या बिलातील दुसऱ्या खेपेचे निव्वळ वजन वाचता येत नाही, १६.२०० की १६.२८० ते नोंदीवरून कळवावे" असे लिहा आणि तुमची नक्कल सोबत जोडा. संगणकातल्या नोंदीत आकडा पुरा असतो, फक्त छापताना तो तुटलेला असतो. आणि पिन गेलेली असल्याचे तिथल्या लिपिकाच्या कानावर घाला, नाहीतर दुय्यम प्रतही त्याच यंत्रातून तशीच निघेल.